शब्द दारातच राहतात: गाव सोडून कामाला निघालेल्याच्या गाण्याचा लिरिक व्हिडिओ कसा आखायचा

गाणं तयार आहे, रेकॉर्डिंग झालंय, आणि आता त्याचा लिरिक व्हिडिओ करायचाय. पहिल्यांदा हे काम हाती घेणारे बहुतेक जण एकच चूक करतात. ओळीत बस आली की बस दाखवतात, आई आली की आई दाखवतात आणि खाली अक्षरं लावतात. मग प्रेक्षक तीच गोष्ट तीनदा घेतो, एकदा कानानं, एकदा वाचून आणि एकदा चित्रातून. मीही सुरुवातीचे दोन व्हिडिओ असेच केले होते. बघणारे म्हणाले, ‘छान आहे’, पण एकालाही त्यातली एखादी फ्रेम आठवत नव्हती.

लिरिक व्हिडिओत मुख्य पात्र अक्षरं असतात. त्यामुळे संकल्पना म्हणजे ‘कोणती दृश्यं दाखवायची’ याची यादी नव्हे. अक्षरं कुठे राहतात, कशी येतात, कशी जातात आणि का, याचा नियम म्हणजे संकल्पना. हा नियम गाण्याच्या आतून कसा काढायचा आणि त्यावरून फ्रेमवार स्क्रिप्ट कशी लिहायची, ते एका गाण्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो. गाणं या लेखासाठीच लिहिलं आहे.

गाणं

पहिला अंतरा:

पहाटेच्या दिव्याखाली बॅग भरून झाली
खुंटीवरची माझी किल्ली खुंटीवरच राहिली
दाराशी आई उभी, काही बोलली नाही
‘येतो’ एवढंच म्हणालो, मागे पाहिलं नाही

धृपद:

येतो म्हणालो, येतो म्हणालो
शब्द दारात ठेवून आलो
येतो म्हणालो, येतो म्हणालो
दर वळणावर थोडा गेलो

दुसरा अंतरा:

भाड्याच्या या भिंतीवरती खुंटी एक रिकामी
महिन्याच्या हिशेबात मावत नाही मी
फोनवर आई विचारते, ‘जेवलास का रे आज?’
‘हो’ म्हणतो, अन् ऐकत राहतो दाराचा आवाज

आधी मजकूर पक्का करा

चित्राचा विचार करण्याआधी गाण्याचे शब्द एका कागदावर अंतिम रूपात हवेत, आणि गीतकार व गायक दोघांनी ते पाहिलेले हवेत. गाताना शब्द बदलतात. कागदावर ‘पाहिले नाही’ असतं आणि गायिका ‘पाहिलं नाही’ गाते. पडद्यावर जे दिसतं ते कानावर पडणाऱ्या शब्दाशी जुळलं नाही, तर वाचणारा तिथेच अडखळतो. त्यामुळे जे गायलं गेलंय तेच लिहायचं, आणि बोलीतला अनुस्वार सगळीकडे सारखा ठेवायचा. एका ओळीत ‘एवढंच’ आणि दुसरीत ‘एवढेच’ असं चालत नाही. विरामचिन्हं कमीत कमी ठेवा. मात्र अवतरणचिन्हं ठेवा, कारण या गाण्यात कोण बोलतंय हे महत्त्वाचं आहे.

रेकॉर्डिंगही अंतिम हवं. एकदा मी डेमोवर सगळी स्क्रिप्ट लिहिली आणि नंतर गाणं जरा जलद करून पुन्हा रेकॉर्ड झालं. लय मिनिटाला ८० ठोक्यांवरून ८२ वर गेली होती. ऐकताना फरक कळतही नव्हता, पण पावणेतीन मिनिटांच्या गाण्यात शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं जवळजवळ चार सेकंद मागे पडली. सगळ्या वेळा पुन्हा लावाव्या लागल्या.

वेळेचा नकाशा

आपलं गाणं मिनिटाला ८० ठोक्यांचं आहे, म्हणजे एक ठोका पाऊण सेकंदाचा. चार ठोक्यांचं एक आवर्तन तीन सेकंदांत पूर्ण होतं. ओळीला दोन आवर्तनं, म्हणजे सहा सेकंद. व्हिडिओ सेकंदाला २४ फ्रेमचा ठेवला तर एका ठोक्याला बरोबर १८ फ्रेम येतात, आणि हालचाली ठोक्यावर बसवताना अपूर्णांक आडवे येत नाहीत. सेकंदाला २५ फ्रेम घेतल्या तर ठोक्याला पावणेएकोणीस पडतात. काम तेव्हाही होतं, फक्त दर वेळी डोळ्यानं सरकवत बसावं लागतं.

गाण्याची विभागणी अशी:

०:०० ते ०:१२ सुरुवातीचं संगीत
०:१२ ते ०:३६ पहिला अंतरा
०:३६ ते १:०० धृपद
१:०० ते १:१२ मधलं संगीत
१:१२ ते १:३६ दुसरा अंतरा
१:३६ ते २:०० धृपद
२:०० ते २:१२ संगीत
२:१२ ते २:३६ शेवटचं धृपद
२:३६ ते २:४८ समाप्ती

यानंतर प्रत्येक ओळ नेमकी कधी सुरू होते आणि कधी संपते, ते मोजायचं. त्यासाठी ऑडॅसिटी पुरते. गाणं वाजत असताना ओळ सुरू झाली की `Ctrl+M` दाबायचं, तिथे खूण पडते, तिच्यात ओळ लिहायची. नंतर खुणेचं दुसरं टोक ओढून ओळ संपते तिथे आणायचं. या खुणा साध्या मजकूर-फाइलमध्ये बाहेर काढता येतात, आणि त्या अशा दिसतात:

```
12.000000	16.500000	पहाटेच्या दिव्याखाली बॅग भरून झाली
18.000000	22.500000	खुंटीवरची माझी किल्ली खुंटीवरच राहिली
```

या आकड्यांत पुढच्या सगळ्या कामाची किल्ली आहे. ओळीला जागा सहा सेकंदांची आहे, पण गाणं साडेचार सेकंदांतच संपतं. उरलेला दीड सेकंद, म्हणजे दोन ठोके, रिकामा आहे. वाचन त्या साडेचार सेकंदांत होणार आणि मोठी हालचाल या दीड सेकंदात. नवखे लोक अगदी उलट करतात, ओळ गायली जात असताना अक्षरं नाचवतात आणि गाणं थांबलं की अक्षरंही थांबतात.

अक्षर आवाजाच्या किंचित आधी दिसायला हवं. मी चार ते सहा फ्रेम आधी आणतो. अगदी सुरावर आणलं तर बघणाऱ्याला ते उशिरा आल्यासारखं वाटतं, कारण डोळ्याला शब्द ओळखायला तेवढा वेळ लागतो.

नियम कसा सापडला

आता संकल्पना. गाण्याला तीन प्रश्न विचारायचे. काय हलतं? काय जागेवर राहतं? शेवटी काय बदललेलं असतं?

इथे हलतो तो निघालेला मुलगा. जागेवर राहतात घर, खुंटी, आई, आणि चौथी गोष्ट म्हणजे ‘येतो’ हा शब्द. आपल्या भाषेत निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात, आणि हे गाणं त्याच एका शब्दावर उभं आहे. जाणारा निघून जातो, त्याचा शब्द दारात राहतो. धृपदात ते सरळच म्हटलंय. त्यातून पहिला नियम मिळाला: अक्षरं जागेची आहेत, जाणाऱ्याची नाहीत. ती भिंतीवर, दारावर, रस्त्याकडेला असतात. कॅमेरा त्यांना सोडून पुढे जातो, ती मागे येत नाहीत.

पहिल्या आराखड्यात मी ‘मागे पाहिलं नाही’ या ओळीवर कॅमेरा दारापासून मागे मागे नेला होता. दार लहान होत जातंय, त्यावर ‘येतो’ लिहिलंय. चित्र सुंदर होतं आणि साफ चुकीचं होतं. कॅमेरा त्या मुलाची नजर आहे, आणि गाणं सांगतंय की त्यानं मागे पाहिलं नाही. मग दार दिसतंय कुणाला? अशी चूक कागदावर सापडली तर पाच मिनिटांत सुटते, ॲनिमेशन झाल्यावर सापडली तर आठवडा जातो. त्यातून दुसरा नियम आला: कॅमेरा फक्त उजवीकडे जातो आणि कधीच मागे वळत नाही. निघाल्यापासून घर नेहमी डाव्या कडेच्या बाहेर असतं.

घर दिसणारच नसेल तर ते आहे हे कळणार कसं? तिसरा नियम: घराचा पिवळसर उजेड फ्रेमच्या डाव्या कडेनं आत येतो, आणि घर लांब जाईल तसा त्याचा पट्टा बारीक होत जातो. पहिल्या अंतऱ्यात उजेड पूर्ण फ्रेमभर आहे, पहिल्या धृपदात एक तृतीयांश उरतो, दुसऱ्या अंतऱ्यात दोराइतका होतो.

एवढे तीन नियम पुरतात. चौथा सुचला की मी आधीच्या तिघांतला एक काढून पाहतो, आणि बहुतेक वेळा चौथाच काढावा लागतो.

देवनागरीचं स्वतःचं म्हणणं

लिरिक व्हिडिओचे बरेचसे तयार साचे सुट्या अक्षरांच्या लिपीसाठी बनवलेले असतात. त्यात एकेक अक्षर वरून पडतं, गोल फिरतं, दूर सरकतं. देवनागरीवर तो साचा लावला की ‘किल्ली’तली वेलांटी वेगळी पडते, ‘ल्ल’ तुटून पाय मोडलेला ‘ल्’ आणि ‘ल’ दिसतात, आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. म्हणून हालचालीचं सर्वांत लहान एकक शब्द धरा. कुठे त्याहून लहान हवंच असेल तर काना-मात्रा आणि जोडाक्षरासकट पूर्ण अक्षर घ्या, आणि प्रत्येक तुकडा हातानं वेगळा करा. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचा पर्यायही सोडून द्या, त्यानं शिरोरेषेत फटी पडतात.

सॉफ्टवेअर देवनागरी नीट मांडतं की नाही, हे पहिल्याच दिवशी तपासा. एक ओळ टाइप करा: ‘दुसऱ्या खिडकीच्या पायऱ्यांवर किल्ली’. ‘खि’ची वेलांटी ‘ख’च्या उजवीकडे दिसली, किंवा ‘ऱ्या’च्या जागी ‘र’चा पाय मोडलेला दिसला, तर मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय आहे का पाहा आणि तो चालू करा. तसा पर्याय नसेल तर ओळी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पारदर्शक पार्श्वभूमीची चित्रं म्हणून आणा. काम वाढतं, पण अक्षर शुद्ध राहतं.

फॉन्ट म्हणून इथे ‘मुक्त’ घेऊ. तो मुक्त परवान्याचा आहे, त्याची वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाडीचे प्रकार, अनेक आहेत आणि शिरोरेषा सरळ आहे. ही सरळ रेषा आपल्याला लागणार आहे. ओळीखाली ओळ लिहिताना अंतर भरपूर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना लागतात. फॉन्टच्या आकाराच्या दीडपट अंतरापासून सुरुवात करून पाहा.

देवनागरीची खरी देणगी म्हणजे शिरोरेषा. अक्षरं तिला लटकलेली असतात, आणि आपल्या गाण्यात खुंटी आहे. ‘खुंटीवरची माझी किल्ली’ ही ओळ शिरोरेषेनं खुंटीला टांगता येते. धृपदाच्या शेवटी ‘गेलो’चा सूर लांबतो, तिथे काही जण ‘गेलोऽऽऽ’ लिहितात. त्याऐवजी ‘गेलो’ जसंच्या तसं ठेवून त्याची शिरोरेषा उजवीकडे वाढवत नेली तर सूर डोळ्यांना दिसतो. करायला अवघड नाही. शिरोरेषेच्या जाडीचा एक आयत काढायचा, शब्दाच्या शेवटी चिकटवायचा आणि त्याची लांबी वाढवायची. मग पडदा चौपट मोठा करून सांधा पाहायचा. जाडीत एका पिक्सेलचा फरक असला तरी तिथे पायरी दिसते. ही युक्ती पूर्ण व्हिडिओत दोनदाच वापरायची, तिसऱ्यांदा ती सवय वाटते.

फ्रेमवार स्क्रिप्ट

स्क्रिप्टमधल्या प्रत्येक नोंदीला मी फ्रेम म्हणतो, ही सेकंदाला २४ येणारी फ्रेम नव्हे. तिच्यात चार गोष्टी हव्यात: वेळ, ओळ, चित्र आणि अक्षरांचं वागणं. काढलेलं चित्र साधं चालतं, चौकोनात चार रेघा पुरतात. मात्र अक्षरांची जागा आणि हालचालीचा बाण त्यात हवाच. कॅमेऱ्याचा बाण लाल आणि अक्षरांचा निळा काढला तर गोंधळ होत नाही.

१. ०:०० ते ०:१२. ओळ नाही. अंधार. सहाव्या सेकंदाला दिवा लागतो, भिंत, खुंटी आणि किल्ली दिसते. गाण्याच्या नावातच ‘येतो’ आहे, म्हणून ते इथे येत नाही. ‘येतो’ हा शब्द पडद्यावर पहिल्यांदा ०:३० लाच दिसला पाहिजे. गायक-गीतकारांची नावं खाली बारीक अक्षरात.

२. ०:१२ ते ०:१८. ‘पहाटेच्या दिव्याखाली बॅग भरून झाली’. दिव्याखाली टेबल, त्यावर बॅग, चेन लावणारा हात. ओळ मागच्या भिंतीवर, दिव्याच्या उजेडात. शब्द एकेक करून उजळतात, हलत नाहीत. शेवटच्या दोन ठोक्यांत कॅमेरा उजवीकडे सरकतो.

३. ०:१८ ते ०:२४. ‘खुंटीवरची माझी किल्ली खुंटीवरच राहिली’. खुंटी फ्रेमच्या डावीकडे वर. ‘खुंटीवरची माझी किल्ली’ची शिरोरेषा खुंटीपासून निघते. ‘खुंटीवरच राहिली’ खालच्या ओळीत. शेवटच्या दोन ठोक्यांत किल्ली किंचित झुलते, अक्षरं स्थिर.

४. ०:२४ ते ०:३०. ‘दाराशी आई उभी, काही बोलली नाही’. उघडं दार, उंबऱ्यावर आईची सावली. आई दिसत नाही. ‘दाराशी आई उभी’ दाराच्या चौकटीवर. ‘काही बोलली नाही’ थोडं खाली, मध्ये मोठी मोकळी जागा सोडून. आईचं न बोलणं त्या मोकळ्या जागेत आहे, म्हणून तिथे काहीही भरायचं नाही.

५. ०:३० ते ०:३६. ‘‘येतो’ एवढंच म्हणालो, मागे पाहिलं नाही’. दाराच्या फळीवर फक्त ‘येतो’, आतापर्यंतच्या अक्षरांच्या दुप्पट. बाकीची ओळ त्याखाली नेहमीच्या आकारात. गाणं ०:३४:१२ ला थांबतं, म्हणजे चौतिसाव्या सेकंदाच्या बाराव्या फ्रेमला. तिथून कॅमेरा उजवीकडे निघतो, दार डाव्या कडेनं बाहेर जातं, सर्वांत शेवटी ‘येतो’. शब्द बाहेर गेल्यावरही कडेला उजेड राहतो.

६. ०:३६ ते ०:५४. धृपदाच्या पहिल्या तीन ओळी. बसच्या खिडकीतून दिसणारा रस्ता. अक्षरं काचेवर नाहीत. ती बाहेर आहेत, कुंपणाच्या भिंतीवर, पुलाच्या कठड्यावर, बंद दुकानाच्या फळ्यांवर. दृश्य उजवीकडून डावीकडे सरकतं. उजेडाचा पट्टा एक तृतीयांश.

इथे एक अडचण आहे. सतत सरकणारी अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणून प्रत्येक ओळ वेगानं आत येते, मध्यावर जवळजवळ थांबते आणि गाऊन झाली की वेगानं निघून जाते. थांबलेल्या काळात ती फ्रेमच्या रुंदीच्या एक दशांशापेक्षा जास्त सरकू नये, असं माप मी धरतो. मागचा रस्ता मात्र त्याच वेगानं चालू राहतो, त्यामुळे बस थांबल्यासारखी वाटत नाही. खिडकीतून पाहताना एखाद्या पाटीवर नजर खिळते, तेव्हा अनुभवही असाच असतो.

७. ०:५४ ते १:००. ‘दर वळणावर थोडा गेलो’. शब्द एकामागून एक येतात, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मंद. ‘गेलो’ सर्वांत मंद, तरी वाचता येईल इतपत. सूर लांबताच त्याची शिरोरेषा उजव्या कडेपर्यंत जाते.

८. १:०० ते १:१२. ओळ नाही. अक्षरं विरतात, रेषा उरते. ती क्षितिज होते. तिच्याखाली शहरातल्या खिडक्यांचे दिवे एकेक लागतात, शिरोरेषेला अक्षरं लटकावीत तसे. १:११ ला तीच रेषा नव्या खोलीच्या भिंतीची वरची कड होते.

९. १:१२ ते १:१८. ‘भाड्याच्या या भिंतीवरती खुंटी एक रिकामी’. रचना हुबेहूब तिसऱ्या फ्रेमची. खुंटी त्याच जागी, ओळ त्याच मापात, शिरोरेषा तशीच टांगलेली. किल्ली नाही. उजेड थंड, डाव्या कडेला पिवळा दोर. दोन्ही फ्रेमची चित्रं एकावर एक ठेवून तपासा. खुंटी थोडी जरी हलली असली तर आठवण जागी होत नाही.

१०. १:१८ ते १:२४. ‘महिन्याच्या हिशेबात मावत नाही मी’. रेघांची वही, ओळ समासाच्या आत. शेवटचा ‘मी’ समासाच्या बाहेर पडतो.

११. १:२४ ते १:३०. ‘फोनवर आई विचारते, ‘जेवलास का रे आज?’’. अंधारी खोली, फोनचा निळसर उजेड. आईचा प्रश्न डाव्या कडेच्या पिवळ्या उजेडात, बारीक वजनात. निवेदन मध्यभागी.

१२. १:३० ते १:३६. ‘‘हो’ म्हणतो, अन् ऐकत राहतो दाराचा आवाज’. ‘हो’ उजवीकडे एकटा, लहान. ‘दाराचा आवाज’ येताना डाव्या कडेचा पट्टा दार किलकिलं व्हावं तसा रुंदावतो आणि दोन ठोक्यांत परत बारीक होतो. इथे दाराचा खरा आवाज घालण्याचा मोह होतो. संगीतकाराची परवानगी असेल तरच घाला, नसेल तर उजेड पुरे. मला उजेडच जास्त आवडतो, कारण मग दार ज्याच्या त्याच्या कानात वाजतं.

१३. १:३६ ते २:००. धृपद. कामावरून परतीची वाट. हालचाल सहाव्या आणि सातव्या फ्रेमचीच. भिंती शहराच्या, उजेड रस्त्यावरच्या दिव्यांचा, पावलांचा वेग बसपेक्षा कमी. या वेळी शिरोरेषा लांबत नाही.

१४. २:०० ते २:१२. ओळ नाही. भाड्याच्या खोलीची किल्ली रिकाम्या खुंटीवर लटकवणारा हात. हात निघून जातो, किल्ली झुलत हळूहळू थांबते. बारा सेकंद एकच शॉट. इथे दुसरं काहीही नको.

१५. २:१२ ते २:३६. शेवटचं धृपद. कॅमेरा आता थांबलेलाच राहतो. समोर कोरी भिंत आणि खुंटीवरची नवी किल्ली. पहिला नियम इथे एकदाच मोडायचा: ओळी आता डाव्या कडेनं आत येतात, आणि त्यांच्याबरोबर पिवळा उजेडही, प्रत्येक ओळीनिशी थोडा जास्त. शेवटच्या ‘गेलो’ची शिरोरेषा पुन्हा लांबते, मात्र डावीकडे, थेट त्या उजेडात.

१६. २:३६ ते २:४८. समाप्ती. रेषा राहते. २:३९ ला तिच्या डाव्या टोकाशी ‘येतो’ हा शब्द लटकतो, पाचव्या फ्रेममध्ये होता त्याच आकारात. २:४५ पर्यंत तो राहतो, मग अंधार, आणि आता गाण्याचं नाव.

मुलगा परत जातो की नाही, हे गाण्यात सांगितलेलं नाही, म्हणून व्हिडिओनंही सांगायचं नाही. कॅमेरा वळत नाही, शब्द येतो. आपले नियम याहून पुढे जाऊ देत नाहीत.

कच्चा व्हिडिओ आणि तीन तपासण्या

हे सोळा चौकोन कागदावर काढून मोबाइलनं त्यांचे फोटो घ्या आणि संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याखाली त्या त्या वेळेला लावा. अक्षरं मात्र खऱ्या फॉन्टमध्ये, खऱ्या वेळेवर टाका. या कच्च्या व्हिडिओला एक दिवस लागतो.

पहिली तपासणी आवाज बंद करून. गाणं कधीच न ऐकलेल्या माणसाला दाखवा आणि कुठली ओळ पूर्ण वाचता आली नाही ते विचारा. या गाण्यात अकरावी फ्रेम अडते. एकाच ओळीत निवेदन आणि आईचा प्रश्न दोन वेगळ्या जागी आहेत, नजरेला मध्यातून डावीकडे जावं लागतं आणि तेवढ्यात वेळ संपते. उपाय म्हणजे ‘फोनवर आई विचारते’ प्रश्नाच्या लगेच वर आणायचं आणि वेगळेपण फक्त वजनातून दाखवायचं.

दुसरी तपासणी मोबाइलवर, हात लांब धरून, स्क्रीनचा उजेड निम्मा करून. सातव्या फ्रेममधला मंद ‘गेलो’ इथे बहुधा नाहीसा होतो. त्याला उजळ करण्याऐवजी त्याच्यामागची पार्श्वभूमी आणखी काळी करा, म्हणजे मंदपणाही राहतो आणि शब्दही दिसतो. उभ्या व्हिडिओची प्रत काढायची असेल तर याच वेळी विचार करा. आपली संकल्पना डाव्या-उजव्या कडांवर उभी आहे आणि उभ्या फ्रेमला रुंदीच कमी असते. आडवा व्हिडिओ मध्यातून कापला तर उजेडाचा पट्टाच जातो. उभ्या प्रतीत ओळी दोनऐवजी तीन भागांत मोडा, पट्टा डाव्या कडेला नव्यानं काढा आणि खुंटीच्या दोन्ही फ्रेम पुन्हा मांडा. बाकीच्या फ्रेम बहुतेक तशाच बसतात.

तिसरी तपासणी चित्रं झाकून करायची. पार्श्वभूमी काळी करा आणि फक्त अक्षरं व उजेड ठेवून सगळं पाहा. पाचव्या फ्रेमला ‘येतो’ डावीकडे निघून गेला हे नुसत्या अक्षरांवरून कळलं, आणि शेवटी तो डाव्या टोकाशी परत दिसला तेव्हा ओळख पटली, तर आराखडा ॲनिमेशन करणाऱ्याच्या हाती द्यायला हरकत नाही. ओळख पटली नाही तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: मधल्या धृपदांमध्ये ‘येतो’ इतक्या वेगवेगळ्या आकारांत येऊन गेलेला असतो की पाचव्या फ्रेमचा आकार लक्षात राहत नाही. धृपदातले सगळे ‘येतो’ नेहमीच्या मापात आणा. दुप्पट आकार फक्त दारावर आणि शेवटी.